जुन्या साहेबांना फोन लावताना: रेफरन्स चेकमध्ये काय विचारायचं आणि उत्तरं कशी तोलायची

मी गेली चौदा वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यातल्या छोट्या कारखान्यांना माणसं शोधून देतोय, म्हणजे तीस-चाळीस ते फार तर शंभर माणसांचे मशिनिंगचे, फॅब्रिकेशनचे युनिट, जिथे वेगळं एचआर खातं नसतं आणि मालक किंवा अकाउंटंटच इंटरव्ह्यू घेतात. अशा ठिकाणी रेफरन्स चेक साधारण असा होतो. "तुमच्याकडे अमुक मुलगा होता ना, कसा आहे?" "चांगला आहे." "काही प्रॉब्लेम?" "नाही नाही, चांगला मुलगा आहे." "बरं, थँक्यू." दीड मिनिटात फोन संपतो आणि फाईलवर "रेफरन्स ओके" असं लिहून टाकतात.

ह्या फोनमधून काहीही कळलेलं नसतं. समोरचा खोटं बोलला असंही नाही, पण "कसा आहे" ह्या प्रश्नाला आपल्याकडे उत्तर ठरलेलं आहे, कारण सोडून गेलेल्या पोराच्या पोटावर पाय कोण देणार. वाईट बोललं आणि त्याची नोकरी गेली तर ते पाप आपल्या माथी कशाला, असा विचार जवळपास प्रत्येक जण करतो आणि माणूस म्हणून मला तो समजतो. म्हणून समोरच्याकडून निकाल मागायचाच नाही, त्याच्याकडून घडलेल्या गोष्टी मागायच्या, निकाल आपण लावायचा. "स्टॉकमध्ये फरक आला तेव्हा त्याने काय केलं?" ह्याचं उत्तर देताना कुणालाच आपण कुणाची नोकरी खातोय असं वाटत नाही, तो फक्त काय झालं ते सांगत असतो. खालचं सगळं ह्या एका गोष्टीभोवती आहे, आणि मी ते मागच्या वर्षीच्या एका भरतीवरून सांगतो म्हणजे नुसत्या सूचना होणार नाहीत.

जागा होती स्टोअर इन्चार्जची. भोसरीतलं पंचेचाळीस माणसांचं मशिनिंग युनिट, दोन शिफ्ट, स्टोअरमध्ये बार, ड्रिल, गेज, ऑइल आणि कार्बाइड इन्सर्ट, म्हणजे मशीनच्या टूलला लावायची कापायची छोटी टोकं. उमेदवार साधारण तिशीचा, सहा वर्षांचा अनुभव, शेवटची नोकरी चाकणमधल्या ऑटो पार्टच्या कारखान्यात दोन वर्षं आठ महिने, त्यानंतर चार महिने घरी. सीव्हीवर लिहिलेलं पद "स्टोअर इन्चार्ज".

फोन उचलायच्या आधी

पहिलं काम आपल्याच टेबलावर करायचं असतं आणि तेच बहुतेक जण करत नाहीत. ह्या जागेवरचा माणूस फसला तर कशाने फसेल, हे दोन-तीन वाक्यांत लिहून काढा. पंधरा प्रश्न काढत बसू नका, समोरचा तुम्हाला पंधरा-वीस मिनिटं देणार आहे आणि तीही उपकार म्हणून. आम्ही मालकांबरोबर बसून तीन गोष्टी लिहिल्या. एक, रॅकवरचा माल आणि रजिस्टरमधला आकडा जुळतो का. दोन, रात्री आठ वाजता सुपरवायझर स्लिप न आणता "दे रे, नंतर लिहितो" म्हणत इन्सर्ट मागायला आला तर हा देतो की थांबवतो. तीन, माल गेटवर आला की त्याच दिवशी मोजून, चलनाशी ताडून जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची नोंद, बनवतो का, कारण जीआरएन राहिला की माल गेटजवळ पडलेला असतो, सिस्टिममध्ये शून्य दिसतो आणि परचेसवाला तोच माल पुन्हा मागवतो. ह्या तिन्हीपैकी एकही गोष्ट इंटरव्ह्यूत नीट कळत नाही, सगळेच म्हणतात आम्ही करतो.

दुसरं म्हणजे उमेदवाराकडून नावं आणि परवानगी. परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर "ह्या तीन जणांशी माझ्या कामाबद्दल बोलायला माझी हरकत नाही" एवढं लिहून आलं तरी हाताशी काहीतरी राहतं. 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आल्यापासून मी हे अजिबात चुकवत नाही, पण कायदा नसता तरी घ्यावी, कारण माणसाच्या पाठीमागे त्याची चौकशी करणं बरं नाही. नावं कुणाची मागायची हे आपण ठरवायचं. "कुणाचंही द्या" म्हटलं की मित्राचं नाव येतं. मी सरळ विचारतो, तुम्ही रोज रिपोर्ट कुणाला करायचा, त्याच्या आधीच्या कंपनीत कुणाला करायचा, आणि तुमच्या कामावर ज्याचं काम अडून राहायचं असा एक जण सांगा. स्टोअरवाल्याच्या बाबतीत हा तिसरा म्हणजे परचेसचा किंवा शॉप फ्लोअरचा सुपरवायझर.

आणि हे मागतानाच उमेदवाराला एक प्रश्न विचारून ठेवा, "तुमच्या साहेबांना मी फोन करणार आहे, ते तुमच्या कामातली कुठली गोष्ट कमी होती म्हणून सांगतील?" मी फोन खरंच करणार हे माहीत असल्यामुळे माणूस बऱ्यापैकी खरं बोलतो. आमचा उमेदवार थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "साहेब म्हणतील की जीआरएन मागे राहायचे." हे मी तारीख घालून लिहून ठेवलं.

सध्याच्या नोकरीत असलेल्या माणसाबद्दल एक गोष्ट अगदी मनापासून सांगतो. त्याच्या आत्ताच्या कंपनीत फोन करू नका, कधीच नाही, ओळखीच्या माणसाला "सहज" म्हणूनही नाही. मी असा एक फोन झालेला पाहिलाय, उमेदवाराला आमच्याकडून ऑफर गेली नव्हती आणि तिकडे त्याला दुसऱ्या दिवशी बोलावून विचारलं गेलं, पुढचे सहा महिने त्याचे फार वाईट गेले. आणि "ऑफर देतो, राजीनामा टाका, मग रेफरन्स बघू" हे तर त्याहून वाईट, रेफरन्स बिघडला तर तो माणूस दोन्हीकडून जातो. जुन्या साहेबांचे फोन ऑफरच्या आधी करा, आत्ताच्या कंपनीचं फक्त रिलिव्हिंग लेटर जॉइन होताना घ्या.

फोनवर तोच माणूस आहे का

सुरुवातीच्या वर्षांत मी एका अकाउंट असिस्टंटचा रेफरन्स त्याने दिलेल्या मोबाईलवर घेतला, समोरचे "साहेब" फार भरभरून बोलले, आम्ही मुलगा घेतला, आणि तीन महिन्यांनी पेटी कॅशच्या व्हाउचरमध्ये गोंधळ निघाला तेव्हा कळलं की तो नंबर त्याच्या मावसभावाचा होता. ज्या मालकांनी माझ्या शब्दावर माणूस घेतला होता त्यांच्यासमोर बसून हे सांगताना मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून नियम एकच, नंबर उमेदवार देईल पण फोन मी कंपनीच्या बोर्डावरून लावणार. कंपनीच्या वेबसाइटवरचा, बिलावरचा किंवा गेटवरचा लँडलाइन घ्यायचा, ऑपरेटरला नाव सांगून जोडून घ्यायचं. साहेबांनीही ती कंपनी सोडली असेल तर लिंक्डइनवर ते तेव्हा तिथेच होते का ते बघायचं, आणि बोलताना एक-दोन गोष्टी अशा विचारायच्या ज्या तिथल्याच माणसाला माहीत असतील, म्हणजे "स्टोअर तेव्हा कुठल्या शेडमध्ये होतं, स्टोअरमध्ये माणसं किती होती?" खरा माणूस क्षणात सांगतो, बनावट माणूस "तसं बघा, तिघं-चौघं" असं घोळवतो.

तारखा मात्र फोनवर विचारत बसायची गरज नाही. उमेदवाराला ईपीएफओच्या पोर्टलवरून स्वतःची सर्व्हिस हिस्टरी काढून द्यायला सांगा, यूएएनवर कुठल्या कंपनीत कधी लागला आणि कधी सोडली ते येतं. पद त्यात येत नाही आणि जिथे पीएफच कापत नव्हते ती नोकरी दिसणारच नाही, एवढं ध्यानात ठेवा. पदासाठी कंपनीच्या एचआरला फोन करा, मोठ्या कंपन्यांचे एचआर तारखा आणि पद यापलीकडे काही बोलत नाहीत, तशी त्यांची पॉलिसीच असते, तेव्हा त्यांच्या गप्प राहण्यातून काही वाईट अर्थ काढू नका.

आमच्या बाबतीत एचआरने तारखा बरोबर सांगितल्या, पण पद सांगितलं "स्टोअर असिस्टंट". सीव्हीवर इन्चार्ज. इथे बरेच जण फाईल बंद करतात, मी तसं केलं नाही, फक्त कागदावर प्रश्नचिन्ह काढून पुढचा फोन लावला.

फोन करायची वेळ आणि पहिली दोन मिनिटं

प्लांटच्या माणसाला सकाळी नऊला फोन करू नका, मीटिंग आणि शिफ्टची गडबड असते. महिन्याचे शेवटचे तीन-चार दिवस डिस्पॅचचे, तेही सोडा. आमच्या पट्ट्यात बऱ्याच युनिटना गुरुवारी सुट्टी असते, त्या दिवशी साहेब घरी असतात आणि घरी कामाचा फोन आला की दोन वाक्यांत उरकतात. मला जमणारी वेळ म्हणजे जेवणानंतर तीन ते चार. आधी एक मेसेज टाकायचा, मी कोण, कुणाबद्दल बोलायचंय, त्याने परवानगी दिलीय, पंधरा मिनिटं लागतील.

सुरुवात मी नेहमी अशी करतो: "सर, तुम्ही जे सांगाल ते माझ्याकडे आणि मालकांकडेच राहील, त्याला तुमचं नाव घेऊन काही सांगणार नाही. त्याला घ्यायचं की नाही हे तुमच्यावर टाकत नाहीये, ते आम्ही ठरवू. मला फक्त तो काम कसं करायचा ते समजून घ्यायचंय, म्हणजे आमच्याकडे आला तर त्याला नीट सांभाळता येईल." शेवटच्या वाक्याने फोन मोकळा होतो, कारण आता समोरचा त्या मुलाचं भलं करतोय असं त्यालाही वाटतं, आणि खरंही तेच असतं. लेखी काही मागू नका, ईमेलवर उत्तर मागितलं की माणूस सावध होतो आणि दोन ओळींचं सर्टिफिकेट पाठवतो. रेकॉर्डिंगही नको.

मग सोपे प्रश्न, तो तुम्हाला थेट रिपोर्ट करायचा का, किती दिवस, रोज भेट व्हायची की आठवड्यातून एकदा. हे सोपे वाटतात पण उत्तरं तोलताना यांचाच सगळ्यात जास्त उपयोग होतो. आमचे साहेब प्लांट हेड होते, म्हणाले रोज सकाळी दहा मिनिटं स्टोअरमध्ये जायचो, शेवटचे दीड वर्ष तो थेट माझ्याकडेच होता. मी विचारलं, थेट का? तर म्हणाले, "आमचा इन्चार्ज सोडून गेला ना, मग दुसरा घेतलाच नाही, हाच बघायचा सगळं. पद द्यायचं राहून गेलं, ते वर अडकलं." प्रश्नचिन्ह तिथेच मिटलं. सीव्हीवर त्याने "इन्चार्जचं काम" असं लिहायला हवं होतं हे खरं, पण खोटेपणा आणि हे, दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मुख्य प्रश्न

आता ते तीन मुद्दे, आणि प्रत्येकाला एक घडलेला प्रसंग. "स्टॉक जुळायचा का" असं विचारलं तर "हो जुळायचा" येणार. मी विचारलं, "सर, मागच्या मार्चला फिजिकल स्टॉक घेतला असेल ना, त्या दिवशी काय झालं ते जरा सांगा ना." आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं अवघड असतं, चार-पाच सेकंद शांतता झाली की आपण घाबरून स्वतःच दुसरा प्रश्न टाकतो आणि जे येणार होतं ते परत जातं.

साहेब थोडं थांबले आणि म्हणाले, "फरक आला होता. इन्सर्टमध्ये. चाळीस हजारांच्या आसपास."

इन्सर्ट म्हणजे दहाची छोटी डबी, खिशात मावते, एकेक नग काहीशे रुपयांचा, स्टोअरमधून जायची ती सगळ्यात सोपी वस्तू. इथपर्यंत ऐकून मालकांनी नाही म्हटलं असतं. पण वाईट गोष्ट निघाली की तिथे फोन संपत नाही, तिथून खरा सुरू होतो, आणि अशा वेळी माझे चार प्रश्न ठरलेले असतात: हे आधी कुणी सांगितलं, त्याच्या हातात काय होतं आणि काय नव्हतं, त्यानंतर त्याने काय केलं, आणि परत झालं का. उत्तरं अशी आली. फरक त्यानेच आधी मोजून सांगितला, स्टॉकच्या आठवडाभर आधी. सेकंड शिफ्टला स्टोअरला माणूसच नव्हता, चावी सुपरवायझरकडे राहायची. इन्सर्टसाठी वेगळं कुलूपबंद कपाट द्या असं त्याने मेलवर दोनदा मागितलं होतं. मी विचारलं, मग कपाट दिलं का? "दिलं, एप्रिलनंतर. मग काही आलं नाही तसं."

म्हणजे जी गोष्ट त्याच्या विरुद्ध जाणार होती तीच त्याच्या बाजूची निघाली. पण हे मी पुढचे चार प्रश्न विचारले म्हणूनच कळलं.

दुसऱ्या मुद्द्यावर प्रश्न होता, "स्लिप न आणता कुणी माल मागितला आणि ह्याने अडवलं, असं कधी तुमच्यापर्यंत भांडण आलं होतं का?" साहेब हसले, म्हणाले भांडण नाही आलं, तो भांडणारा नाही, द्यायचा आणि डायरीत लिहून ठेवायचा, सकाळी सही घ्यायला मागे लागायचा. हे उत्तर पूर्ण चांगलं नाही आणि पूर्ण वाईटही नाही, आणि माझ्या मते खऱ्या रेफरन्समध्ये बहुतेक उत्तरं अशीच असतात. आमच्याकडे सेकंड शिफ्टचा सुपरवायझर जरा दांडगा आहे, तेव्हा हे महत्त्वाचं होतं, जसंच्या तसं लिहून घेतलं. शब्द जसेच्या तसे लिहा, "अडवत नाही, डायरीत लिहितो" असं. संध्याकाळी आठवून "थोडा मवाळ" असं लिहिलं की त्यातलं डायरीचं निघून जातं, आणि सगळा अर्थ त्या डायरीत आहे.

तिसरा, जीआरएन. "गाडी संध्याकाळी पाचला आली तर जीआरएन कधी व्हायचा?" उत्तर आलं, "ते जरा मागे राहायचं. तीन-तीन दिवस. एकटाच होता हो." हे त्याने स्वतः इंटरव्ह्यूत सांगितलेल्याशी जुळलं.

शेवटी दोन प्रश्न मी प्रत्येक फोनला विचारतो. एक, "दहापैकी किती द्याल?" आपल्याकडे बहुतेक जण आठ देतात, म्हणून आठाला काही अर्थ नाही, अर्थ पुढच्या प्रश्नाला आहे, "ते दोन कुठे गेले?" इतका वेळ जे बोललं गेलं नाही ते इथे येतं. दुसरा, "कंपनीची पॉलिसी सोडा सर, तुमच्या हातात असतं तर तुम्ही स्वतः त्याला परत घेतलं असतं का, आणि ह्याच कामाला की दुसऱ्या?" इथे शब्दांपेक्षा किती पटकन उत्तर आलं ते ऐका. "आज पाठवा, आज घेतो" आणि "हां… घ्यायला हरकत नाही" ह्यात फार अंतर आहे. आमच्या साहेबांनी पटकन सांगितलं, घेईन, पण हाताखाली एक पोरगा देईन.

काय विचारायचं नाही तेही सांगतो. जात, धर्म, लग्न, मुलंबाळं, बाईंच्या बाबतीत दिवस गेलेत का, घरातलं आजारपण, युनियनमध्ये होता का. ह्या मुलाचे चार महिने वडिलांच्या आजारपणात गेले असं त्याने सांगितलं होतं, ते मी साहेबांना पडताळायला विचारलं नाही, तो त्याचा घरचा विषय. समोरच्याने आपणहून काही काढलं तर लिहून घेऊ नका, विषय बदला. आणि समोरून "पगार किती देताय त्याला?" हा प्रश्न येतोच, तो सांगू नका.

उत्तरं तोलणं

आधी एक मर्यादा. भरतीच्या पद्धतींचा माणूस पुढे काम कसं करतो याच्याशी किती संबंध असतो, याचे आकडे श्मिट आणि हंटर या मानसशास्त्रज्ञांनी 1998 मध्ये एकत्र करून मांडले होते, शून्य म्हणजे काही संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, त्यात रेफरन्स चेकचा आकडा 0.26 होता आणि प्रत्यक्ष काम करून दाखवायच्या टेस्टचा 0.54. आकडे पुढे बदलत गेलेत, पण माझा अनुभवही हाच, रेफरन्सने माणूस निवडायचा नसतो. स्टोअरवाल्याला अर्धा तास रॅकसमोर उभं करून वीस आयटम मोजायला लावा, ते जास्त सांगेल. रेफरन्स दोन कामांना उत्तम, मोठी गडबड आधी कळते आणि माणूस आला तर कुठे लक्ष ठेवायचं ते कळतं.

प्रत्येक वाक्य ऐकताना मी बघतो की हे बोलणाऱ्याने स्वतः पाहिलंय की ऐकलंय. "रोज स्टोअरमध्ये जायचो" म्हणणाऱ्याच्या एका तक्रारीला, सहा महिन्यांतून एकदा भेटणाऱ्या डायरेक्टरच्या दहा कौतुकांपेक्षा जास्त वजन. मग किती जुनं आहे ते, पाच वर्षांपूर्वी बावीस वर्षांचा पोरगा उशिरा यायचा, त्याचं आज काय. आणि मग त्यात प्रसंग आहे की नुसतं विशेषण. "प्रामाणिक आहे" हे विशेषण झालं, "चलनात पन्नास आणि पेटीत बावन्न निघाले तर व्हेंडरला फोन करायचा" हा प्रसंग. विशेषणं मी चांगली-वाईट दोन्ही बाजूला ठेवतो. "तसा बरा आहे", "सरळ मुलगा आहे", "आम्हाला काही त्रास नाही" अशी उत्तरं आली की त्याला कौतुक धरू नका, स्वभावाबद्दल बोलतायत आणि कामाबद्दल नाही एवढीच नोंद करा आणि प्रश्न परत कामावर आणा. "त्याच्याकडे चाव्या कधीपासून होत्या?" हा माझा आवडता प्रश्न, लागल्यापासून महिनाभरात की दोन वर्षांनी की कधीच नाही, कारण विश्वास किती होता हे चावी सांगते, तोंडाने कुणी काहीही सांगेल.

रागावलेल्या साहेबांचं काय करायचं? नोटीस न देता गेला, ऐन डिस्पॅचमध्ये गेला, फुल अँड फायनलवरून वाजलं, असं असेल तर ते शेवटच्या पंधरा दिवसांवरून तीन वर्षं रंगवतात. तेव्हा मी विचारतो, जायच्या आधी त्याला काही जास्तीची जबाबदारी दिली होती का, कुणाला शिकवायला दिलं होतं का. "कामचुकार" म्हणणाऱ्यानेच दोन नवीन पोरं त्याच्या हाताखाली दिली असतील तर त्या रागाचं वजन कमी करा. नोटीस न देता गेला ही गोष्ट मात्र खरी असू शकते, ती वेगळी लिहा. उलट बाजूही असते. उमेदवार अजून त्यांच्याकडेच आहे आणि साहेब आपणहून फोन करून जरा जास्तच उत्साहाने कौतुक करतायत, तर त्यांना तो निघायला हवाय का, हा विचार करा.

एकाचं बोलणं एकाचंच. तेच दुसऱ्याने, पहिल्याशी ओळख नसताना, न विचारता सांगितलं की ते पक्कं धरा. आम्ही आधीच्या कंपनीतल्या साहेबांना फोन केला, तिथे जीआरएनचा उल्लेखही केला नाही, फक्त विचारलं की तुमच्या नजरेत त्याच्या कामातलं काय मागे राहायचं. "कागद. माल चोख, कागद मागे." तिथे स्टोअरमध्ये तीन माणसं होती. म्हणजे "एकटाच होता" हे पहिल्या साहेबांचं कारण पुरेसं नव्हतं, ती त्याची सवयच होती. परचेसवाल्याने डायरीचं सांगितलं, अगदी त्याच शब्दांत.

आणि तिथलं इथे लागू आहे का, हेही बघायचं. चाकणच्या कारखान्यात सिस्टिम होती, आमच्याकडे टॅली आणि एक रजिस्टर. तिथे चाळीस हजारांचा फरक वर्षाच्या खर्चात बुडून गेला, पंचेचाळीस माणसांच्या युनिटमध्ये तेवढ्या फरकाने मालकांची झोप उडते.

उमेदवाराशी परत बोलणं

वाईट निघालेली गोष्ट त्याला न सांगता "कळवतो" म्हणून गप्प बसणं मला पटत नाही. त्याला बोलावलं, कुणाचंही नाव न घेता विचारलं, "मार्चच्या स्टॉकमध्ये इन्सर्टचा फरक आला होता का?" तो जराही न अडखळता म्हणाला, हो, आणि मोबाईलमधला कपाटाचा मेल दाखवायला लागला, मी म्हटलं मेल दाखवू नकोस, तो त्या कंपनीचा आहे. मग जीआरएन. तिथे मान खाली. म्हणाला, मोजायला मला आवडतं, लिहायला बसलं की कुणीतरी हाक मारतं आणि राहतं.

निर्णय असा झाला. घेतलं. ऑफरच्या आधी तोंडावर सांगितलं की गाडी चारच्या आत आली तर जीआरएन त्याच दिवशी, चारनंतर आली तर दुसऱ्या दिवशी अकराच्या आत, आणि पहिले तीन महिने दर शनिवारी अकाउंटंट गेटचं रजिस्टर आणि जीआरएन समोरासमोर ठेवून बघणार. सेकंड शिफ्टच्या सुपरवायझरला मालकांनी स्वतः सांगितलं की स्लिपशिवाय माल नाही, हे स्टोअरवाल्यावर सोडलं नाही, कारण तो अडवणारा नाही हे आम्हाला आता माहीत होतं. पहिल्या महिन्यात सात जीआरएन उशिरा झाले, दुसऱ्यात दोन, दिवाळीच्या आधीच्या गर्दीत परत पाच. इन्सर्ट आजपर्यंत जुळतायत.

फोनच्या नोटा आम्ही त्याच्या पर्सनल फाईलला लावत नाही, ती फाईल चार जण उघडतात, त्या वेगळ्या ठेवतो आणि प्रोबेशन संपलं की फाडतो. ज्या तिघांनी वेळ दिला त्यांना त्याच संध्याकाळी मेसेज टाकला, आणि चाकणच्या साहेबांना तो जॉइन झाल्यावर एक फोनही केला. ते म्हणाले, "त्याला हाताखाली पोरगा दिलात का?" दिला नव्हता. जानेवारीत दिला.